काळी चार: एक पट्टी, दोन नावं

(पैठण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. पियानोची किंवा पेटीची एक काळी पट्टी घ्या. ती दाबली की एकच आवाज येतो. पण पाश्चात्त्य पद्धतीनं लिहिलेला कागद उघडला, तर एका ठिकाणी त्या पट्टीला जी शार्प म्हटलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी ए फ्लॅट. आवाज तोच, पट्टी तीच, मग नावं दोन का? आणि लिहिणाऱ्यानं त्यातलं कुठलं घ्यायचं, हे कोण ठरवतं? अनेकांना वाटतं, ही उगाच केलेली गुंतागुंत आहे. माझं म्हणणं असं, की ज्याला सरगम येते त्याला हे कोडं निम्मं सुटलेलंच असतं. फक्त त्यानं तसं कधी बघितलेलं नसतं.

सुरुवात आपल्या पेटीपासून करू. आपल्याकडे पट्ट्यांना क्रमांक आहेत. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, मग मध्ये काळी नाही, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. झाल्या बारा. गाणारा येऊन बसला की पेटीवाला विचारतो, 'पट्टी कुठली?' तो म्हणतो, 'काळी एक.' म्हणजे काळी एक हा त्याचा सा. ही फार शहाणी पद्धत आहे बरं का. 'काळी चार' हे नाव फक्त जागा सांगतं. त्या जागेवर कुठला स्वर बसलाय, ते सांगत नाही. तो पंचम असेल, गंधार असेल, कोमल धैवत असेल. ते सा कुठं आहे यावर ठरतं.

म्हणजे आपल्याकडेही एका पट्टीला दोन प्रकारची नावं आहेतच. एक जागेचं आणि एक नात्याचं. बाईचंच उदाहरण घ्या. मतदार यादीत तिचं एकच नाव असतं. पण घरात ती कुणाची नणंद, कुणाची भावजय, कुणाची मावशी. 'ती नक्की कोण, नणंद की मावशी?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कुणाची?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. सा, रे, ग ही नात्याची नावं आहेत. काळी चार हे यादीतलं नाव आहे.

पाश्चात्त्य लेखनात अडचण ही, की जी शार्प आणि ए फ्लॅट ही नावं दिसतात यादीतल्या नावांसारखी, पण कामं करतात अर्धी नात्याची. सगळा घोटाळा तिथं होतो. तो कसा सोडवायचा ते बघू.

त्यांच्याकडे अक्षरं सात: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. ही सात म्हणजे आपल्या सात पांढऱ्या, क्रमानं. आणि कागदावरच्या पाच रेघा आणि रेघांमधल्या जागा या सात अक्षरांसाठी आहेत. काळ्या पट्टीला स्वतःची रेघ नाही. ती शेजारणीची जागा उसनी घेते. काळी चार ही पांढरी पाच आणि पांढरी सहा यांच्या मध्ये. पांढरी पाच म्हणजे जी. तिच्या जागेवर लिहून वर चढवली, तर जी शार्प. पांढरी सहा म्हणजे ए. तिच्या जागेवर लिहून खाली उतरवली, तर ए फ्लॅट. प्रश्न एवढाच उरला, की जागा कुणाची घ्यायची.

त्याला एक नियम आहे आणि तो आपल्याला पाठ आहे. सात स्वरांच्या रचनेत प्रत्येक नाव एकदा यायला हवं, एकदाच यायला हवं. सा, रे, ग, म, प, ध, नि. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जे दहा थाट मांडले, ते याच अटीवर उभे आहेत. थाटात सात स्वर हवेत आणि ते क्रमानं हवेत. एका थाटात दोन ग आणि रे गायब, असं चालत नाही. पाश्चात्त्य लेखकही तेच म्हणतो. सात अक्षरं क्रमानं, प्रत्येक एकदा. सा ज्या अक्षरावर, त्याच्या पुढचं अक्षर रे साठी, त्याच्या पुढचं ग साठी.

आता काळी चार घेऊन तपासू. सा पांढरी तीनवर धरा, म्हणजे ई. बिलावल वाजवा. ई वर सा, एफ वर रे, जी वर ग. हा शुद्ध गंधार कुठं पडतो? मोजून बघा, चार पट्ट्या पुढं, काळी चारवर. तो ग आहे, म्हणून त्याला जी अक्षराचीच जागा मिळणार. म्हणून जी शार्प. आता सा पांढरी एकवर आणा, म्हणजे सी, आणि आसावरी थाट वाजवा. कोमल धैवत काळी चारवर येतो. सी पासून सहावं अक्षर मोजा: सी, डी, ई, एफ, जी, ए. धैवताचं अक्षर ए. म्हणून तीच पट्टी आता ए फ्लॅट. इथं चुकून जी शार्प लिहिलं तर काय होईल? जी हे अक्षर पंचमासाठी आधीच वापरलंय. म्हणजे कागदावर दोन पंचम आणि धैवत नाहीच. आपल्यापैकी कुणी कोमल धैवताला 'चढा पंचम' म्हणेल का? नाही म्हणणार. पाश्चात्त्य वादकालाही ते तितकंच खटकतं.

इथपर्यंत सोपं आहे. आता खरी गंमत सांगतो. तिच्यासाठी मी मुद्दाम काळी एक निवडली आहे, कारण ती कितीतरी गाणाऱ्या पुरुषांची पट्टी असते.

अशी मैफल डोळ्यांपुढं आणा. गायकाचा सा काळी एक. सुरुवात यमननं, शेवट भैरवीनं. तंबोरा तीन तास त्याच सुरात. आता समजा, साथीला कागद वाचून वाजवणारा व्हायोलिनवादक आहे आणि त्याच्यासाठी दोन्ही राग रेघांवर लिहून द्यायचेत. ही काही निव्वळ कल्पना नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत हेच रोजचं काम होतं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि गोव्यातून आलेले वादक-संयोजक ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यामुळं ही विद्या त्यांच्या हाताशी होती. चाल सरगमीची, कागद पाच रेघांचा. दोन्हींच्या मध्ये बसलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही: काळी एकला सी शार्प म्हणू की डी फ्लॅट?

यमन लिहून बघू. आधी डी फ्लॅट म्हणू. डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी. चार फ्लॅट, बाकी तीन अक्षरं साधी. कागद स्वच्छ. आता तेच सी शार्प म्हणून लिहा. सी शार्प, डी शार्प, मग गंधार. अक्षर ई हवं, पण पट्टी पांढरी चारची. ती म्हणजे एरवीची एफ. पण एफ हे अक्षर मध्यमासाठी राखलंय. म्हणून तिला ई शार्प म्हणावं लागतं. पांढरी पट्टी, पण नाव शार्पचं. पुढं तीव्र मध्यम. त्याला अक्षर एफ, पट्टी पांढरी पाच, एफ पासून दोन पायऱ्या वर. म्हणून एफ डबल शार्प. मग जी शार्प, ए शार्प, बी शार्प. सगळे मिळून आठ शार्प झाले. हे कोण वाचणार? म्हणून यमनला डी फ्लॅट.

आता भैरवी. डी फ्लॅटनंच पुढं गेलो तर रे कोमल, ग कोमल, ध कोमल, नि कोमल. प्रत्येक आणखी एक पायरी खाली. ई डबल फ्लॅट, एफ फ्लॅट, जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी डबल फ्लॅट, सी फ्लॅट. सा धरून एकूण नऊ फ्लॅट. तेच सी शार्पवरून लिहा: सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी. फक्त तीन शार्प! म्हणून भैरवीला सी शार्प.

म्हणजे बघा, गायक हललेला नाही, तंबोरा हललेला नाही, सा तोच. पण यमनच्या कागदावर सा चं नाव डी फ्लॅट आणि भैरवीच्या कागदावर सी शार्प. आणि आपली काळी चार, जी दोन्हीकडे साधा सरळ पंचम आहे, ती यमनमध्ये ए फ्लॅट आणि भैरवीत जी शार्प.

यात एक हिशेब दडलाय. तो लक्षात ठेवला तर पुन्हा सगळी अक्षरं लिहून बघावी लागत नाहीत. यमनमध्ये आठ शार्प किंवा चार फ्लॅट, बेरीज बारा. भैरवीत तीन शार्प किंवा नऊ फ्लॅट, पुन्हा बारा. बिलावल लिहून बघा. काळी एकवरून सात शार्प किंवा पाच फ्लॅट. बाराच. हे असं का? एका स्वराचं नाव वरच्या शेजारणीकडून काढून खालच्या शेजारणीकडे दिलं, की त्या दोन अक्षरांमधलं अंतर त्याच्या खात्यात जमा होतं. दोन पांढऱ्यांच्या मध्ये काळी असेल तर ते अंतर दोन पायऱ्यांचं, नसेल तर एकाच पायरीचं. सातही स्वरांची नावं अशी बदलली की सात अक्षरांची पूर्ण फेरी होते आणि फेरी म्हणजे बारा पायऱ्या. दुसरा भागही सोपा आहे. बिलावलमधला एक स्वर कोमल केला की शार्पांमधून एक वजा होतो किंवा फ्लॅटांत एक वाढतो. मध्यम तीव्र केला की उलट. त्यामुळं काळी एकचा सात-पाच हा आकडा माहीत असला की काफीचा, म्हणजे दोन कोमलांचा, आकडा आपोआप पाच शार्प किंवा सात फ्लॅट. जिकडं आकडा कमी, तिकडचं नाव घ्यायचं.

मग तुमच्या मनात आलं असेल, दोन्ही आकडे सहा-सहा आले तर? येतात ना! काळी एकवरून खमाज लिहा. एकच कोमल, निषाद. सात वजा एक सहा शार्प, पाच अधिक एक सहा फ्लॅट. तराजू समतोल. इथं नियम संपतो आणि वाद्याची सोय सुरू होते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई या सुरांच्या असतात आणि त्या वादकांचा हात शार्पांच्या बाजूला जास्त रुळलेला असतो. उलट ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटची असते. तिच्या वादकाला प्रत्यक्ष आवाजापेक्षा दोन पट्ट्या वरचं लिहून द्यावं लागतं आणि त्यामुळं कागदावर दोन शार्प वाढतात किंवा दोन फ्लॅट कमी होतात. सहा शार्पांचे आठ होणार, सहा फ्लॅटांचे चार. मग तिला फ्लॅटच द्यायला हवेत. म्हणजे एकाच खमाजच्या ओळीत व्हायोलिनच्या कागदावर शार्प आणि ट्रम्पेटच्या कागदावर फ्लॅट असं दिसू शकतं, आणि दोघंही बरोबर असतात.

आता एक धोक्याची जागा. आपले लोक नोटेशन शिकताना हमखास इथं अडकतात. त्यांना वाटतं, तीव्र म्हणजे शार्प आणि कोमल म्हणजे फ्लॅट. तसं नाही. मघाचा यमन आठवा. डी फ्लॅटवरून तीव्र मध्यम कुठं आला? साध्या जी वर, पांढऱ्या पट्टीवर, कुठलंही चिन्ह न लावता. आणि भैरवीतला कोमल गंधार साध्या ई वर. कारण तीव्र-कोमल हे सा च्या नात्यानं मोजलं जातं आणि शार्प-फ्लॅट हे त्या अक्षराच्या पांढऱ्या पट्टीपासून मोजलं जातं. दोन वेगळी मापं आहेत. सा पांढरी एकवर असतो तेव्हाच ती जुळतात, आणि शिकवण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते म्हणून हा गैरसमज मुरतो.

अजून एक गोष्ट, आणि मग प्रश्न घेतो. कुणी म्हणेल, हे सगळं कागदाचं राजकारण झालं. कानाला काय फरक पडतो? पियानोवर पडत नाही, हे खरं. पण पियानोच्या बाहेर पडतो आणि नावं दोन होण्याचं जुनं कारण तिथंच आहे. आकड्यात दाखवतो. सा २४० कंपनांचा धरा. शुद्ध जुळणारा गंधार सा च्या सव्वापट, म्हणजे ३००. त्या गंधाराला सा मानून त्याचा गंधार काढा, पुन्हा सव्वापट: ३७५. हा झाला जी शार्प, कारण आपण सी वरून ई वर आणि ई वरून जी वर चढत आलो. आता उलट बाजूनं या. वरचा सा ४८०. ज्याचा गंधार हा वरचा सा होईल असा स्वर शोधा. ४८० ला सव्वानं भागा: ३८४. हा झाला ए फ्लॅट, आपला कोमल धैवत. ३७५ आणि ३८४. नऊ कंपनांचा फरक! दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला नऊ ठोके ऐकू येतील, आवाज थरथरेल. आणि पियानो काय करतो? सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतो आणि त्या जागी एकच पट्टी ठेवतो, साधारण ३८१ वर. दोघांच्या मधली तडजोड. म्हणजे दोन माणसांना एकाच खोलीत राहायला लावलंय, पण दारावर पाट्या दोन ठेवल्यात.

पेटीवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला, त्याचं मूळ हेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात स्वरांची अशी गुणोत्तरं मांडली. पुढं क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुतींच्या पेटीचाही प्रयत्न झाला. जास्त पट्ट्या द्यायच्या, म्हणजे तडजोड करावी लागणार नाही. ती पेटी रुळली नाही. बारा पट्ट्यांचीच राहिली. पण गळा आणि सारंगी यांना पट्ट्या नाहीत, ते आजही कोमल धैवत आपल्या जागी लावतात.

प्रश्न: सर, आपल्या संगीतात एकाच स्वराला दोन नावं कधीच नाहीत का?

हिंदुस्थानी पद्धतीत नाहीत. बारा जागा, बारा नावं. पण कर्नाटक पद्धतीत आहेत आणि फार सुरेख आहेत. सतराव्या शतकात तंजावरच्या वेंकटमखीनं बहात्तर मेळ मांडले. जागा बाराच, नावं मात्र सोळा. त्यांच्या कनकांगी मेळात सा पांढरी एकवर धरला, तर काळी एकवर रे येतो आणि पांढरी दोनवर ग. जिला आपण शुद्ध रिषभ म्हणतो, त्या पट्टीला ते तिथं शुद्ध गंधार म्हणतात. कारण रे खाली वापरून झालाय आणि ग हवाच आहे. उलट चलनाट मेळात काळी दोनवर रे असतो, कारण पांढरी तीनवर ग बसलेला असतो. आणि तीच काळी दोन खरहरप्रियात साधारण गंधार म्हणून येते. पट्टी एक, नावं दोन, आणि कारण तेच: प्रत्येक नाव एकदा. हा विचार युरोपातून उसना घेतलेला नाही.

प्रश्न: ललतमध्ये दोन्ही मध्यम येतात. तिथं तुमचा नियम मोडतो.

मोडतो, बरोबर. ललतला पंचम नाही आणि दोन मध्यम लागोपाठ येतात. पंचमाची जागा रिकामी आहे, मग तीव्र मध्यमाला 'कोमल पंचम' का म्हणू नये? आपण म्हणत नाही, कारण आपल्याकडे पंचम अचल आहे, तो उतरतच नाही. नियमापेक्षा स्वराची ओळख मोठी ठरली. रेघांवर लिहितानाही तेच करा. सा सी असेल तर एफ आणि एफ शार्प लिहा, जी फ्लॅट नको. वाचणाऱ्याला कळायला हवं की एकच मध्यम दोन रूपांत येतोय.

प्रश्न: माझी मुलगी की-बोर्डवर वाजवते आणि संगणक आपोआप नोटेशन लिहून देतो. त्यात काही वेळा विचित्र चिन्हं येतात.

येणारच. की-बोर्डकडून संगणकाला फक्त पट्टीचा क्रमांक जातो. मधल्या सप्तकातली काळी चार म्हणजे मिडीत ६८. यादीतलं नाव गेलं, नातं गेलंच नाही. मग सॉफ्टवेअर अंदाज करतं. उपाय असा, की आधी सा आणि थाट ठरवून योग्य की सिग्नेचर निवडायची आणि नंतर तपासायचं. चूक ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या ओळीत एकाच रेघेवर साधा आणि शार्प असे दोन्ही स्वर वारंवार दिसत असतील आणि शेजारची जागा रिकामी असेल, तर बहुधा नाव चुकलंय. दुसरी खूण सुरावटीत बघा, म्हणजे कॉर्डमध्ये. सा-ग-प एकदम लिहिले की ते एकाआड एक रेघांवर नीट रचलेले दिसतात. ई, जी शार्प, बी असे. तिथं जी शार्पऐवजी ए फ्लॅट आला, की मधला गोळा वरच्याला चिकटतो आणि खाली मोठी फट दिसते. वाजेल बरोबर, पण वाचणारा अडखळेल.

प्रश्न: मग शेवटी खरं नाव कुठलं?

तुम्ही मला पुन्हा त्याच प्रश्नावर आणलंत. 'खरं नाव' हे यादीतल्या नावालाच शोभतं आणि ते आपल्या पेटीवाल्यांनी देऊन ठेवलंय: काळी चार. जी शार्प आणि ए फ्लॅट ही दोन्ही नाती आहेत. नात्याला आधी विचारायचं, 'कुणाची?' सा सांगा, थाट सांगा, मी नाव सांगतो.

थांबतो इथं. पुढच्या वेळी सप्तकाचे बारा सारखे भाग कसे पाडतात, ते गणित बघू.